प्रायमरी-सेकंडरी चिल्ड वॉटर लूप : पंपाचा हेड आणि बॅलन्सिंग, पहिल्यांदा करणाऱ्यांसाठी

वाळूजच्या एका औषध कारखान्यात ऐन ऑगस्टमध्ये मला बोलावणं आलं. गोळ्यांची पावडर बनते त्या खोल्यांत आर्द्रता ठरवलेल्या हद्दीत राहत नव्हती. १५० टीआरचे दोन चिलर, दोन्ही चालू, पॅनलवर बाहेर पडणाऱ्या पाण्याचं तापमान बरोब्बर ७ अंश. पंप नवे, कॉइल नव्या. ऑपरेटर म्हणाला, "साहेब, पाणी तर लई जातंय वर, पण थंडावा काही येईना."

त्या वाक्यातच दुखणं होतं, पण ते कळायला मला दोन दिवस लागले. पाणी जास्त जात होतं, म्हणूनच थंडावा येत नव्हता. हे कसं ते समजलं की अर्धं बॅलन्सिंग समजलं. म्हणून हीच साइट शेवटपर्यंत उदाहरणाला घेतो. तुमचे आकडे वेगळे असतील, क्रम हाच ठेवा.

आधी जमवायची सामग्री

कागद : पाइपिंगचा स्किमॅटिक, खोल्यांना गार हवा देणाऱ्या प्रत्येक एएचयूचं डिझाइन पाणी, चिलरचा डेटाशीट (त्यात इव्हॅपोरेटरचा प्रेशर ड्रॉप हवाच), पंपाचा कर्व्ह, बॅलन्सिंग व्हॉल्व्हचा चार्ट.

साधनं : बॅलन्सिंग व्हॉल्व्हच्या टोच्यांना जोडता येईल असा डिफरन्शियल मॅनोमीटर, पाइपवर बाहेरून लावायचा अल्ट्रासॉनिक फ्लो मीटर (भाड्याने मिळतो), एकमेकांशी ताडून घेतलेले दोन थर्मामीटर आणि एक चांगला प्रेशर गेज. सोबत एक माणूस आणि दोन चार्ज केलेले फोन.

पंपाचा कर्व्ह नसेल तर काम सुरू करू नका, आधी तो मागवा. हेड म्हणजे पंप पाण्याला देतो तो दाब, मीटरमध्ये मोजलेला. पंपाच्या नेमप्लेटवरचा हेड हा कर्व्हवरचा फक्त एक बिंदू असतो. पंप त्या बिंदूवर चालतोय असं समजणं ही नवख्यांची सगळ्यात पहिली चूक.

१. पाणी किती लागतं ते स्वतः काढा

```
TR = Q × ΔT ÷ ३.०२४
Q : घनमीटर/तास,  ΔT : अंश सेल्सियस
```

१५० टीआर आणि ५.५ अंशांचा फरक धरला तर एका चिलरला साधारण ८२ घनमीटर प्रतितास पाणी लागतं. दोन चिलरना १६४. आता सगळ्या एएचयूंच्या डिझाइन पाण्याची बेरीज करा. आमच्याकडे तीही १६४च्या आसपास आली. कागदावर इथपर्यंत सगळं ठीक होतं.

२. पंपाचा हेड काढताना इमारतीची उंची धरू नका

ही पायरी जरा सावकाश वाचा.

प्रायमरी पंपाचं काम मर्यादित असतं. चिलरमधून पाणी फिरवायचं आणि हेडरला आणून सोडायचं. चिलरचा ड्रॉप ६ मीटर, त्यावर गाळणी, व्हॉल्व्ह आणि प्लँटरूममधला पाइप धरून १० ते १२ मीटर हेड पुरतो.

सेकंडरी पंप ते पाणी हेडरपासून एएचयूंपर्यंत नेतो आणि परत आणतो. त्याच्या हेडसाठी सगळ्यात अवघड वाटेवरचा एएचयू निवडायचा. बहुतेक वेळा तो सगळ्यात लांबचा असतो, पण एखाद्या जवळच्या एएचयूची कॉइल फार ड्रॉप घेणारी असेल तर तोही निघू शकतो. आमचा एएचयू वरच्या मजल्यावर, पंपापासून पाइपाने ११० मीटरवर होता. हिशोब असा :

- जाण्या-येण्याचा पाइप २२० मीटर, दर १०० मीटरला २.५ मीटर घर्षण : ५.५ मीटर
- बेंड, टी, आयसोलेशन व्हॉल्व्ह, पाइपच्या ४० टक्के धरून : २.२ मीटर
- गाळणी : १ मीटर
- एएचयूची कॉइल : ३ मीटर
- कंट्रोल व्हॉल्व्ह : ३ मीटर
- बॅलन्सिंग व्हॉल्व्ह पूर्ण उघडा : १ मीटर

बेरीज १५.७ मीटर. त्यावर दहा टक्के ठेवले तर १७ मीटरचा पंप पुरेसा. प्रत्यक्षात बसवलेला पंप १६४ घनमीटरला २८ मीटरचा निघाला. हा आकडा आला कुठून म्हणून जुनी फाइल काढली, तर हिशोबात एक ओळ जास्तीची होती : 'इमारतीची उंची १२ मीटर'.

उंची धरायची ती विहिरीतून टाकीत पाणी चढवताना. आपल्याकडे बोअर आणि गच्चीवरची टाकी इतकी अंगवळणी पडली आहे की हात आपोआप तिकडे जातो. पण चिल्ड वॉटर लूप बंद असतो. वर चढणाऱ्या पाण्याच्या बरोबरीने तेवढंच पाणी दुसऱ्या पाइपातून खाली उतरत असतं आणि ते आपल्या वजनाने चढणाऱ्याला साथ देतं. पंपाला उरतं ते फक्त घर्षण.

उंचीचा विचार लागतो तो दुसऱ्या कामासाठी, म्हणजे लूप भरून ठेवायचा दाब ठरवताना. १२ मीटर उंचीला तळाशी १.२ बार, वर हवा शिरू नये म्हणून आणखी ०.४ बार, म्हणजे पंप बंद असताना प्लँटरूममधल्या गेजवर १.६ बार दिसला पाहिजे. हा दाब एक्स्पान्शन टँक सांभाळतो आणि तो टँक पंपाच्या सक्शनच्या बाजूला जोडलेला असावा.

३. भरणं, धुणं, हवा काढणं

मराठवाड्यात उन्हाळ्यात कमिशनिंग असलं की लूप टँकरच्या पाण्याने भरला जातो. ते पाणी कुठल्या बोअरचं ते कुणाला माहीत नसतं. कठीण पाणी असलं तर मऊ करूनच भरा, आणि सोबत येणारी माती पाइपातल्या वेल्डिंगच्या खड्यांबरोबर गाळणीत बसणार हे धरून चाला. मी फ्लशिंगनंतर गाळण्या निदान तीनदा उघडतो आणि तिसऱ्यांदा जाळी स्वच्छ निघाली तरच पुढे जातो. अर्धी तुंबलेली गाळणी ठेवून केलेलं बॅलन्सिंग, पुढे कुणीतरी ती साफ केली की त्याच दिवशी बिघडतं.

हवा प्रत्येक वरच्या टोकाला काढा. मॅनोमीटरचा काटा थरथरत राहिला तर आकडा घेऊ नका, आत हवा आहे.

४. प्रायमरी बाजू आधी पक्की करा

चिलरमधून किती पाणी जातंय हे चिलर स्वतःच सांगतो. डेटाशीटवर ८२ घनमीटरला ६ मीटर ड्रॉप दिलाय आणि तुम्हाला ५.४ मीटर मिळाला, तर पाणी ड्रॉपच्या वर्गमुळाच्या प्रमाणात धरा :

```
८२ × √(५.४ ÷ ६) = सुमारे ७८ घनमीटर/तास
```

मोजताना इनलेटला एक आणि आउटलेटला दुसरा गेज लावू नका. एकच गेज दोन्ही टोच्यांना बारीक पाइपाने जोडा आणि आलटून-पालटून एकेक कॉक उघडा. गेजची चूक दोन्हीकडे सारखी येते आणि वजाबाकीत निघून जाते. पंपाचा हेड मोजतानाही हेच करा.

दोन्ही चिलरमधलं पाणी सारखं आणि ८२च्या जवळ आणून ठेवलं की प्रायमरीला पुन्हा हात लावायचा नाही.

५. डीकपलरच्या दोन्ही टोकांची चार तापमानं

प्रायमरी आणि सेकंडरी या दोन लूपना जोडणारा जो आखूड पाइप असतो, तो डीकपलर. साइटवर कुणी त्याला बायपास म्हणतं, कुणी कॉमन पाइप. तो एका चिलरचं पूर्ण पाणी वाहील इतका जाड हवा. आमचा १५० एमएम होता, तो ८२ घनमीटरला ठीक. त्याचा ड्रॉप नगण्य असावा, नाहीतर दोन्ही पंप एकमेकांना ढकलायला लागतात. त्यात व्हॉल्व्ह नसावा, आणि असलाच तर तो पूर्ण उघडा ठेवून त्याचा हँडल काढून घ्या.

पाणी त्यात कुठल्या दिशेने वाहतंय हे डोळ्याला दिसत नाही, पण तापमानावरून कळतं. चार जागी मोजा. त्या दिवशीचे आकडे :

- चिलरमधून बाहेर : ७.० अंश
- सेकंडरीत, एएचयूंकडे जाणारं : ८.२ अंश
- एएचयूंकडून परत येणारं : १२.५ अंश
- चिलरमध्ये जाणारं : १२.५ अंश

चिलरने ७ अंशांचं पाणी सोडलं आणि वीस फुटांवर ते ८.२ झालं. मधे कुठे उष्णता शिरायला जागा नव्हती. म्हणजे परतीचं गरम पाणी डीकपलरमधून उलटं येऊन पुरवठ्यात मिसळत होतं. फ्लो मीटर लावला तर सेकंडरीत २१० घनमीटर. प्रायमरी १६४ देतंय, सेकंडरी २१० ओढतंय, उरलेले ४६ परतीच्या पाइपातून येणार. हिशोब करून पाहा :

```
(१६४ × ७ + ४६ × १२.५) ÷ २१० = ८.२ अंश
```

तापमान आणि फ्लो मीटर एकमेकांची साक्ष देतात तेव्हाच मी निदानावर विश्वास ठेवतो. फरक निघाला तर आधी थर्मामीटर तपासा.

हा ८.२चा आकडा उन्हाळ्यात फारसा जाणवला नसता. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडची हवा कोरडीठाक असते. पावसाळ्यात मात्र कॉइलला हवेतली वाफ पाणी करून पाडायची असते, आणि त्यासाठी लागणारी थंडी त्या सव्वा अंशात जाते. म्हणूनच तक्रार ऑगस्टमध्ये आली. शिवाय कॉइल थंड करू शकत नाही म्हणून कंट्रोल व्हॉल्व्ह आणखी उघडतात, सेकंडरी आणखी पाणी ओढते, उलटा प्रवाह आणखी वाढतो. अशा वेळी तिसरा चिलर घ्यावा लागेल असा सल्ला साइटवर हमखास निघतो. इथेही निघाला होता.

डीकपलर नीट चालत असेल तर पहिली दोन तापमानं सारखी असतात आणि चौथं तिसऱ्यापेक्षा थोडं कमी असतं, कारण थोडंसं गार पाणी न वापरता परत चिलरकडे जातं. ते थोडंसंच हवं. फार गेलं तर प्रायमरी पंपाची वीज फुकट जाते.

एकच चिलर चालू असतानाही हे पाहा. प्रायमरी तेव्हा ८२च देते. सेकंडरी ८२च्या वर गेली आणि प्रवाह उलटला, की दुसरा चिलर सुरू करायची वेळ झाली.

६. सेकंडरी पंप खाली आणा

२८ मीटरचा पंप २१० घनमीटर का देत होता? कारण पंप कधीच नेमप्लेटवर चालत नाही. लूपचा विरोध कमी असला की तो कर्व्हवर उजवीकडे सरकतो, म्हणजे हेड कमी आणि पाणी जास्त. पंपावर हेड मोजला तर २१ मीटर मिळाला, आणि कर्व्हवर २१ मीटरला २१० घनमीटर होतं. मीटर आणि कर्व्ह जुळले.

जुळले नसते तर डिस्चार्ज व्हॉल्व्ह काही सेकंद पूर्ण बंद करून शून्य पाण्याचा हेड घेतला असता. तो कर्व्हच्या सुरुवातीशी, इथे ३९ मीटरशी, जुळला नाही तर आत वेगळ्या व्यासाचा इंपेलर आहे किंवा पंप उलटा फिरतोय. व्हॉल्व्ह अर्ध्या मिनिटाच्या वर बंद ठेवू नका, आतलं पाणी तापतं.

डिस्चार्ज व्हॉल्व्ह दाबून पाणी कमी करायचा मोह होईल. पाणी कमी होतं, पण जास्तीचा हेड त्या व्हॉल्व्हवर जळतो आणि त्याचं बिल दर महिन्याला येतं. मोटरचा वेग बदलणारा व्हीएफडी असेल तर वेग कमी करा. नसेल तर कर्व्ह पाहून इंपेलर कापून घ्या. आमच्याकडे व्हीएफडी होता, फक्त तो ५० हर्ट्झवर बांधून ठेवलेला. पाणी वेगाच्या सरळ प्रमाणात बदलतं :

```
५० × १६४ ÷ २१० = ३९ हर्ट्झ
```

३९ वर आणून अर्धा तास थांबलो. एएचयूंकडे जाणारं पाणी ७.१ अंशांवर आलं. कमी पाण्यात जास्त थंडावा मिळतो हे ऑपरेटरने तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. त्याला पटायला वेळ लागला, तो साहजिक आहे.

७. आता बॅलन्सिंग, लांबून जवळ

जास्त पाण्याने एक गोष्ट झाकली होती. वेग कमी करताच जवळच्या एएचयूला जास्त आणि लांबच्याला कमी हे उघडं पडलं. तळमजल्यावरच्या एकाला १३० टक्के मिळत होतं. वरच्या मजल्याचे आकडे असे :

| एएचयू | डिझाइन | मोजलेलं | टक्के |
|---|---|---|---|
| पहिला | १४ | १४.६ | १०४ |
| दुसरा | १२ | ११.९ | ९९ |
| तिसरा | १० | ९.२ | ९२ |
| चौथा | ८ | ६.८ | ८५ |

मोजायच्या आधी सगळे कंट्रोल व्हॉल्व्ह पूर्ण उघडे करून कुलूपबंद करा. एखादा थर्मोस्टॅट मधेच बंद झाला तर सगळे आकडे खोटे पडतात. व्हीएफडीही हाताने एका वेगावर ठेवा. तो आपोआप वेग बदलत असेल तर तुम्ही एका एएचयूला दाबाल आणि पंप मागून ते पुसून टाकेल.

एका व्हॉल्व्हचं पाणी असं काढायचं : मॅनोमीटरने दोन टोच्यांमधला फरक घ्या, हँडलचे किती फेरे उघडे आहेत ते पाहा, चार्टवर त्या फेऱ्यांचा Kv वाचा.

```
Q = Kv × √ΔP   (ΔP बारमध्ये)
चौथा एएचयू : २५ × √०.०७४ = ६.८ घनमीटर/तास
```

चार्ट त्याच कंपनीचा आणि त्याच साइझचा हवा. दुसऱ्याचा चार्ट लावला तर सगळे टक्के चुकतात आणि कळतही नाही.

आता सगळ्यात कमी टक्के असलेला एएचयू, इथे चौथा, पूर्ण उघडा ठेवा. तो तुमची फूटपट्टी. सोबतच्या माणसाला मॅनोमीटर देऊन तिथे उभा करा आणि तुम्ही तिसऱ्यावर जा. तिसरा थोडा बंद केला की त्याचं पाणी कमी होतं आणि चौथ्याचं वाढतं. दोघांचे टक्के एक होईपर्यंत फोनवर विचारत राहा. १०० गाठायचा प्रयत्न अजिबात करू नका, इथेच नवखे अडकतात. आत्ता फक्त टक्के सारखे करायचे आहेत, ८७ तर ८७. मग दुसरा चौथ्याशी जुळवा, मग पहिला. दुसऱ्याला हात लावल्यावर तिसरा आणि चौथा दोघेही वर सरकतील, पण बरोबरीने, त्यामुळे तिसऱ्याकडे परत जावं लागत नाही. लांबून सुरू करायचं कारण हेच. जवळून सुरू केलं तर दर वेळी मागचं सगळं मोडतं आणि दिवस तिथेच फिरण्यात जातो.

मजल्यावरचे चारही ९२ टक्क्यांवर आले. बाकीचे मजले असेच आपापल्यात जुळवले. त्यानंतर मजल्यांच्या मुख्य व्हॉल्व्हवर तेच काम केलं : सगळ्यात कमी टक्क्यांचा मजला उघडा ठेवला आणि बाकीचे त्याच्याशी आणले. शेवटी सगळी इमारत ९४ टक्क्यांवर सारखी झाली. आता पंप. ३९ वरून ४१ हर्ट्झच्या जरा वर नेलं आणि सगळ्यांना १०० मिळालं. दहा टक्के इकडे-तिकडे सर्वसाधारणपणे चालतं. आर्द्रतेच्या खोल्यांच्या एएचयूंना मी पाचच्या आत ठेवलं.

पंपावर हेड घेतला, १५.७ मीटर. दुसऱ्या पायरीत कागदावर काढलेलाच. दरवेळी इतकं नेमकं जुळत नाही. मीटरभर इकडे-तिकडे आलं तरी काम बरोबर झालंय. पंपाच्या शाफ्टवरची शक्ती हिशोबाने सुमारे १६ किलोवॅट होती, ती साडेनऊच्या खाली आली.

८. डीपी सेन्सर आणि कुलुपं

कुलूपबंद केलेले कंट्रोल व्हॉल्व्ह आता मोकळे करा आणि व्हीएफडी दाबातला फरक मोजणाऱ्या डीपी सेन्सरवर टाका. सेन्सर कुठे बसवलाय ते आधी बघा. आमच्याकडे तो पंपाजवळच्या हेडरवर होता. तिथे त्याला कायम १५-१६ मीटर धरून ठेवावा लागतो आणि रात्री निम्मे एएचयू बंद असले तरी वेग फारसा उतरत नाही. तो उचलून सगळ्यात अवघड एएचयूच्या फाट्यावर, पुरवठा आणि परतीच्या मधे लावला. तिथे लागतो तो फक्त गाळणी, कॉइल, कंट्रोल व्हॉल्व्ह आणि बॅलन्सिंग व्हॉल्व्हचा ड्रॉप : ८ मीटर, म्हणजे सुमारे ०.८ बार. हाच सेटपॉइंट. व्हीएफडीला वरची मर्यादा ४३ हर्ट्झ घातली, म्हणजे कुणी सेटपॉइंट वाढवला तरी सेकंडरी प्रायमरीच्या फार पुढे पळणार नाही.

बॅलन्सिंग व्हॉल्व्हना आतून अटकाव लावायचा स्क्रू असतो. तो लावला की व्हॉल्व्ह दुरुस्तीसाठी बंद करता येतो, पण उघडताना ठरवलेल्या फेऱ्यांच्या पुढे जात नाही. तो प्रत्येकावर लावा. मग फेरे, ड्रॉप, पाणी आणि तारीख एका तक्त्यात लिहून एक प्रत प्लँटरूमच्या भिंतीवर लॅमिनेट करून चिकटवा. त्याच कागदावर डीकपलरच्या चार तापमानांसाठी रिकामे रकाने ठेवा. वाळूजचा ऑपरेटर आता दर पाळीला ते भरतो, आणि पहिल्या दोन आकड्यांत अर्ध्या अंशाहून जास्त फरक दिसला की गाळण्या आणि व्हीएफडी बघायला स्वतःच जातो.